वजन तेच, जागा वेगळी

परिभ्रमण त्रिज्या हे एक अंतर आहे. एखादी वस्तू ज्या अक्षाभोवती फिरते, त्या अक्षापासून ठरावीक अंतरावर तिचे सगळे वस्तुमान एका पातळ कड्याच्या रूपात नेऊन ठेवले आणि ते कडे फिरवायला मूळ वस्तूइतकाच जोर लागला, तर ते अंतर म्हणजे त्या वस्तूची त्या अक्षाभोवतीची परिभ्रमण त्रिज्या. वस्तू कितीही वेडीवाकडी असो, तिच्या जागी एक साधे कडे कल्पिता येते. कड्याचे वजन वस्तूइतकेच असते आणि घेर तिच्या आकाराने ठरवलेला असतो. त्यामुळे वजनाचा प्रश्न आणि आकाराचा प्रश्न एकमेकांपासून सुटे होतात. आकारांची तुलना करायची असेल तर ही फारकत करावीच लागते.

सरळ रेषेत ढकलताना आकाराला काही किंमत नसते. घर्षण नाही असे धरले तर दहा किलोची पेटी आणि दहा किलोची पहार सारख्याच जोराने सारखाच वेग घेतात. फिरवताना मात्र वस्तुमान अक्षापासून किती दूर आहे हे महत्त्वाचे ठरते, आणि तेही वर्गाच्या हिशेबाने. त्याचे कारण एका कणापासून पाहता येते. एक कण अक्षापासून एका हातावर आहे आणि तेवढ्याच वजनाचा दुसरा कण दोन हातांवर आहे. दोघांनाही सारखेच कोनीय त्वरण द्यायचे आहे, म्हणजे सारख्या वेळात सारखाच कोन कापायला लावायचे आहे. दूरच्या कणाला तेवढ्याच वेळात दुप्पट लांबीचा कंस कापावा लागतो, म्हणून त्याला दुप्पट बल लागते. ते बलही अक्षापासून दुप्पट अंतरावर लागू होते, म्हणून अक्षापाशी त्याचा टॉर्क आणखी दुप्पट होतो. दोनदा दुप्पट म्हणजे चौपट. कण तिसऱ्या हातावर नेला तर हाच टॉर्क नऊपट होईल.

प्रत्येक कणाचे वस्तुमान आणि त्याच्या अंतराचा वर्ग यांचे गुणाकार करून सगळ्यांची बेरीज केली की त्या वस्तूचे जडत्व आघूर्ण मिळते. टॉर्कला त्याने भागले की कोनीय त्वरण. हेच जडत्व आघूर्ण एकूण वस्तुमान आणि एका अंतराचा वर्ग यांचा गुणाकार म्हणून लिहिले की

I = Mk²

हे सूत्र हाती येते, आणि त्यातले k म्हणजे परिभ्रमण त्रिज्या. म्हणजे k चा वर्ग ही अंतरांच्या वर्गांची सरासरी असते.

इथे एक गफलत नेहमी होते. अंतरांच्या वर्गांची सरासरी आणि अंतरांची सरासरी यांत फरक आहे. हलक्या दांडीवर अक्षापासून एक मीटरवर एक वजन आणि तीन मीटरवर तेवढेच दुसरे वजन बसवले तर अंतरांची सरासरी दोन मीटर येते. पण वर्ग १ आणि ९, त्यांची सरासरी ५, आणि परिभ्रमण त्रिज्या ५ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.२४ मीटर. वर्ग घेताना दूरच्या वजनाला जास्त मत मिळते, त्यामुळे k साध्या सरासरीपेक्षा नेहमी थोडी मोठी निघते. दोन्ही वजने अक्षापासून सारख्याच अंतरावर असली तरच दोन्ही आकडे जुळतात. त्याचप्रमाणे वस्तूचा गुरुत्वमध्य आणि परिभ्रमण त्रिज्या यांचाही घोटाळा करू नये. चाकाचा गुरुत्वमध्य अक्षावरच असतो, तरी त्याची k शून्य होत नाही.

आता आकार घेऊ. पातळ कडे आपल्या मध्यातून, पृष्ठाला लंब असलेल्या अक्षाभोवती फिरते, तेव्हा त्याचा प्रत्येक कण एकाच अंतरावर असतो. म्हणून k म्हणजे कड्याची त्रिज्या R च. भरीव चकतीची k ०.७०७R असते, आणि हा आकडा वाटतो तितका रुक्ष नाही. चकतीवर ०.७०७R त्रिज्येचे वर्तुळ काढले तर चकतीचे निम्मे क्षेत्रफळ त्याच्या आत पडते आणि निम्मे बाहेर. भरीव गोळ्याची k आणखी कमी, ०.६३२R भरते, कारण गोळ्याच्या वरच्या आणि खालच्या टोकांकडचा सगळा माल अक्षाला लगटून असतो. तोच गोळा आतून पोकळ आणि पातळ कवचाचा असेल तर k ०.८१६R पर्यंत वाढते. या चार आकड्यांत वजन कुठेच आलेले नाही. दगडाची चकती असो वा पुठ्ठ्याची, घनता सगळीकडे सारखी असेल तर ०.७०७ हा आकडा बदलत नाही.

फरक किती पडतो हे एका उदाहरणात पाहू. दोन किलोचे कडे, दोन किलोची चकती आणि दोन किलोचा भरीव गोळा, तिघांचीही त्रिज्या १० सेंटिमीटर. तिघांना आपापल्या मध्यातून जाणाऱ्या, घर्षण नसलेल्या आसावर बसवले आहे. प्रत्येकाच्या सर्वांत मोठ्या घेरावर दोरी गुंडाळून ती १ न्यूटन बलाने ओढली. हे बल १०० ग्रॅमच्या वजनाला हातावर पेलण्याइतके आहे. तिघांवरही टॉर्क सारखाच, ०.१ न्यूटन-मीटर. कड्याचे जडत्व आघूर्ण ०.०२ किलोग्रॅम-मीटर वर्ग, चकतीचे ०.०१ आणि गोळ्याचे ०.००८. भागाकार केला की कोनीय त्वरण कड्याला प्रति सेकंद वर्ग ५ रेडियन, चकतीला १० आणि गोळ्याला १२.५ मिळते. स्थिर अवस्थेतून दोन सेकंद ओढल्यावर कडे मिनिटाला सुमारे ९५ फेऱ्यांच्या वेगाने फिरत असेल, चकती १९१ च्या आणि गोळा २३९ च्या. वजन तेच, त्रिज्या तीच, दोरीचा ताणही तोच, तरी गोळ्याचा वेग कड्याच्या अडीचपट झाला. चकतीची k कड्याच्या सात दशांशांपर्यंतच कमी झाली, पण विरोध थेट निम्मा झाला, कारण हिशेब k च्या वर्गाचा आहे.

यंत्रांचे आराखडे करणारे या वर्गाचा दोन्ही दिशांनी उपयोग करतात. तेलाच्या इंजिनाच्या फ्लायव्हीलने गती टिकवून धरावी अशी अपेक्षा असते, म्हणून त्याचे लोखंड जाड काठावर ठेवतात आणि मध्ये आरे किंवा पातळ पत्रा. k शक्य तेवढी R जवळ नेली की कमी लोखंडात जास्त काम भागते. उलट, जी मोटर क्षणात सुरू होऊन क्षणात थांबायची असते तिचा फिरता भाग बारीक आणि लांबट करतात. k कितीही वाढवली तरी ती वस्तूच्या अक्षापासूनच्या सर्वांत दूरच्या कणापलीकडे जाऊ शकत नाही. कड्याशी तुलना करताना ही मर्यादा आपोआप लक्षात येते.

याच तुलनेची ओळखीची परीक्षा म्हणजे उतारावरची शर्यत. कडे, चकती आणि गोळा एकाच फळीवरून एकदम सोडले आणि न घसरता घरंगळू दिले, तर गोळा पहिला, चकती दुसरी आणि कडे शेवटचे पोचते. घरंगळणाऱ्या वस्तूला पुढेही सरकायचे असते आणि फिरायचेही असते, आणि गुरुत्वाकर्षणाने मिळालेली ऊर्जा या दोन कामांत वाटली जाते. ज्याची k मोठी त्याच्या फिरण्यात जास्त ऊर्जा गुंतते, म्हणून पुढे सरकायला कमी उरते. उतारावरचे त्वरण असे येते:

a = g sinθ / (1 + k²/R²)

या सूत्रात वस्तुमान नाही. R सुटी येत नाही, k शी असलेल्या गुणोत्तरातच येते. म्हणजे गोटीएवढा गोळा आणि तोफेचा गोळा एकाच वेळी खाली पोचतात, आणि बांगडी व बैलगाडीच्या चाकाची धाव यांनाही सारखाच वेळ लागतो. निकाल फक्त आकारावर ठरतो. एवढी स्वच्छ तुलना भौतिकशास्त्रात फार ठिकाणी सापडत नाही.

दोन मीटर लांब फळीचे एक टोक २० सेंटिमीटर उचलले तर गोळ्याला खाली यायला सुमारे २.३९ सेकंद लागतात, चकतीला २.४७ आणि कड्याला २.८६. गोळा आणि चकती यांच्यातला फरक सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी आहे. हातातल्या घड्याळाने तो धरता येत नाही. दोघांना शेजारी ठेवून एका पट्टीने अडवायचे आणि पट्टी झटकन पुढे काढून घ्यायची, म्हणजे खाली कोण आधी टेकले हे डोळ्यांनाच दिसते. पट्टी वर उचलली तर आडवी धार एखाद्याला आधी सोडते आणि निकाल फसतो.

फळी फार उभी केली तरीही निकाल बिघडतो. घरंगळण्यासाठी लागणारा टॉर्क फळीच्या घर्षणातून येतो, आणि k जितकी मोठी तितके घर्षण जास्त लागते. घर्षण गुणांक ०.३ असेल तर कडे सुमारे ३१ अंशांपुढे घसरू लागते, चकती ४२ अंशांपर्यंत टिकते आणि गोळा ४६ अंशांपर्यंत. एकदा सगळे घसरू लागले की पुढे सरकण्याच्या त्वरणात k चा संबंधच राहत नाही आणि तिघेही बरोबरीने खाली येतात. घसरले की नाही हे ओळखायला काठावर खडूची खूण पुरते. १० सेंटिमीटर त्रिज्येचे कडे दोन मीटर घरंगळताना तीन फेऱ्या पुऱ्या करून चौथीत थोडे शिरते. फेऱ्या त्याहून कमी भरल्या तर उरलेला रस्ता त्याने घसरत काटला असे समजावे.

या शर्यतीत आणखी एक स्पर्धक उतरवला पाहिजे: पाण्याने तोंडोतोंड भरलेली, गुळगुळीत बाजूंची बाटली. आकाराने ती भरीव चकतीच्या जातीची, म्हणून तिचा क्रमांक चकतीबरोबर लागायला हवा. प्रत्यक्षात ती भरीव गोळ्यालाही मागे टाकते. बाटलीची कातडी फिरते, पण आतले पाणी भिंतीलगतचा पातळ थर सोडला तर फिरत नाही, नुसते पुढे सरकते. फिरण्याला विरोध करण्यात त्याचा जवळजवळ वाटाच नसतो. तीच बाटली गोठवली तर बर्फ कातडीबरोबर फिरतो आणि ती चकतीच्या वेळेवर येते. परिभ्रमण त्रिज्येची व्याख्या ताठ वस्तूसाठी आहे. आतला माल बाहेरच्या कवचाबरोबर फिरणार नसेल, तर वस्तूच्या मापांवरून काढलेली k वापरता येत नाही. उकडलेले आणि कच्चे अंडे फिरवून ओळखतात ते याच कारणाने.

दुसरी अट अक्षाची. अक्ष सांगितल्याशिवाय परिभ्रमण त्रिज्या सांगण्याला अर्थ नाही. एक मीटर लांबीची एकसारखी काठी मधोमध धरून फिरवली तर k २९ सेंटिमीटर येते, आणि टोकाला धरून फिरवली तर ५८ सेंटिमीटर. काठी तीच, पण टोकाभोवती ती चौपट विरोध करते. अक्ष गुरुत्वमध्यातून जात असताना k सर्वांत कमी असते. तो अक्ष त्याच दिशेत समांतर ठेवून h अंतरावर नेला की नव्या k चा वर्ग म्हणजे जुन्या k चा वर्ग अधिक h चा वर्ग. हे समांतर अक्षांचे प्रमेय पायथागोरसच्या प्रमेयासारखे दिसते, आणि ते तसेच लक्षात ठेवणे सोयीचे जाते. नवी k हा कर्ण असतो.

काठी, चकती, गोळा यांच्या k सूत्रांनी निघतात. क्रिकेटच्या बॅटची निघत नाही. वर गोल दांडा, खाली रुंद पाते, पात्याच्या पाठीवर कुठे तरी फुगवटा, आणि लाकडाची घनता बॅटगणिक वेगळी. दुकानात बॅट घेणारा खेळाडू ती काट्यावर ठेवून समाधान मानत नाही, दांडा धरून दोनचार वेळा हवेत फिरवून पाहतो आणि तिचा पिकअप हलका आहे की जड ते सांगतो. काट्यावर सारख्याच भरणाऱ्या दोन बॅटी हातात वेगळ्या लागतात. हात जे मोजत असतो ते बॅटचे हातांभोवतीचे जडत्व आघूर्ण, आणि वजन सारखे असेल तर मग केवळ k. क्रिकेटच्या नियमांत बॅटची लांबी, रुंदी, जाडी आणि कडा यांना मर्यादा आहेत, वजनाला नाही, आणि ते वजन कुठे बसावे यालाही नाही. बॅट घडवणाऱ्याला तेवढी मोकळीक राहते.

ही k मोजायला बॅट लंबकासारखी झुलवतात. दांड्यावर एक हलकी पकड घट्ट आवळायची, तिच्या दोन बाजूंच्या टोकदार खिळ्यांवर बॅट टेकवायची आणि लहानसा झोका द्यायचा. पकडीच्या वजनाने मापन बिघडेल अशी शंका येते, पण पकड अक्षालगत असल्याने तिच्या अंतराचा वर्ग अगदीच लहान राहतो. मग दोन गोष्टी मोजायच्या. बॅट एका धारेवर आडवी तोलून तिचा तोलबिंदू शोधायचा आणि तो खिळ्यांपासून किती अंतरावर आहे ते पाहायचे, हे h. आणि एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, हा T. त्यांवरून

k = (T/2π) √(gh)

असे उत्तर मिळते. इथेही वजन लागत नाही. बॅट जड असेल तर तिला फिरवणारा टॉर्क वाढतो आणि विरोधही त्याच प्रमाणात वाढतो, म्हणून वजन दोन्हीकडून कापले जाते. झुलत्या वस्तूचे हे गणित ख्रिस्तियान हायगेन्सने घड्याळाच्या लंबकासाठी सोडवले आणि १६७३ मध्ये छापले. जडत्व आघूर्णाला नाव आणि पद्धतशीर मांडणी पुढच्या शतकात लेओनार्ड ऑयलरने दिली.

उदाहरणादाखल १.२ किलोच्या दोन बॅटी घेऊ. दोन्ही दांड्याच्या टोकापासून सारख्याच अंतरावर टांगल्या आहेत. पहिलीचा तोलबिंदू अक्षापासून ३८ सेंटिमीटरवर आहे आणि तिच्या २० झोक्यांना २८.० सेकंद लागतात. एका झोक्याला १.४० सेकंद, म्हणून k ४३ सेंटिमीटर. दुसरीचा फुगवटा खाली उतरलेला आहे. तिचा तोलबिंदू ४० सेंटिमीटरवर आणि २० झोक्यांचा वेळ २८.६ सेकंद. तिची k ४५ सेंटिमीटर येते. दोन सेंटिमीटरचा फरक किरकोळ वाटतो, पण वर्ग केल्यावर दुसरी बॅट सुमारे १० टक्के जास्त विरोध करते. पहिल्या बॅटला आकार न बदलता तेवढाच विरोध करायला लावायचे असेल तर तिचे वजन १२० ग्रॅमने वाढवावे लागेल. काट्यावर दोन्ही सारख्या दिसतात, म्हणून दुकानातल्या खेळाडूने काट्यापेक्षा मनगटावर विश्वास ठेवणे रास्तच आहे.

या मापनात चूक होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. घड्याळ चालू-बंद करण्यात माणसाचे सेकंदाचे एक-दोन दशांश सहज इकडेतिकडे होतात. एकच झोका मोजला तर ही चूक वेळेच्या १४ टक्क्यांपर्यंत जाते आणि k च्या वर्गात ती जवळपास दुप्पट होते. म्हणजे दोन बॅटींमधला सगळा फरक त्या चुकीत बुडून जातो. २० झोके मोजले तर k च्या वर्गातली चूक दीड टक्क्यावर येते, ५० मोजले तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. झोका मोठा दिला तर वेळ थोडा लांबतो. दहा अंशांपर्यंत ही वाढ एका टक्क्याच्या पंचमांशाएवढी असते, तीस अंशांना ती पावणेदोन टक्के होते. म्हणून झोका लहान ठेवायचा. आणि तुलनेसाठी दोन्ही बॅटी दांड्याच्या एकाच जागेवर टांगल्या पाहिजेत, नाहीतर दोन वेगळ्या अक्षांच्या k एकमेकांशेजारी मांडल्या जातील.

पहिल्या बॅटच्या आकड्यांतून आणखी थोडे वाचता येते. ४३ चा वर्ग १८४९, त्यातून ३८ चा वर्ग १४४४ वजा केला की ४०५ उरतात. म्हणजे तिची गुरुत्वमध्याभोवतीची k अवघी २० सेंटिमीटर. अक्षाभोवतीच्या एकूण विरोधात बॅटच्या स्वतःच्या पसाऱ्याचा वाटा पाचवा हिस्सा किंवा थोडा अधिक. बाकीचा सगळा तोलबिंदू दूर असल्यामुळे. बॅट हलकी लागावी म्हणून दांडा खाली सरकून धरतात, तेव्हा h कमी होतो, आणि विरोधाचा मोठा वाटा त्यातच असल्याने फरक ताबडतोब जाणवतो. टेबलावर मोजलेल्या k ला एक मर्यादा मात्र आहे. फलंदाज खिळ्याभोवती बॅट फिरवत नाही. त्याच्या फटक्याचा अक्ष खांदा, कोपर आणि मनगट यांच्यामध्ये सरकत राहतो. त्यामुळे मोजलेला आकडा दोन बॅटींच्या तुलनेपुरता खरा. फटक्याला नेमका किती जोर लागेल ते त्यावरून सांगता येत नाही.

बॅट टांगता येते. पृथ्वी टांगता येत नाही, तरी तिचीही परिभ्रमण त्रिज्या माहीत आहे, आणि तीही चार दशांश स्थळांपर्यंत. त्यासाठी दोन वेगवेगळ्या निरीक्षणांची सांगड घातली जाते. पृथ्वी विषुववृत्तापाशी किंचित फुगलेली असल्याने तिचे ध्रुवीय अक्षाभोवतीचे जडत्व आघूर्ण विषुववृत्तीय अक्षाभोवतीच्या आघूर्णापेक्षा थोडे जास्त आहे. या फुगवट्यामुळे कृत्रिम उपग्रहांच्या कक्षा हळूहळू वळत जातात. ते वळण मोजले की दोन आघूर्णांतला फरक मिळतो: पृथ्वीचे वस्तुमान आणि त्रिज्येचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या ०.००१०८२६ पट. हा नुसता फरक झाला, मूळ आघूर्ण अजून हाती लागलेले नाही. दुसरीकडे, सूर्य आणि चंद्र याच फुगवट्याला ओढतात आणि पृथ्वीचा अक्ष सुमारे २५,८०० वर्षांत एक चक्कर घेतो. त्या परांचन गतीचा वेग तोच फरक एकूण ध्रुवीय आघूर्णाच्या किती पट आहे यावर ठरतो, आणि ते प्रमाण ०.००३२७४ येते. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की फरक गळून जातो आणि ०.३३०७ उरते. हा k²/R² आहे.

पृथ्वी सगळीकडे सारख्या घनतेची असती तर तो ०.४ भरला असता. म्हणजे विषुववृत्तीय त्रिज्या ६,३७८ किलोमीटर धरून k सुमारे ४,०३४ किलोमीटर असायला हवी होती. ती सुमारे ३,६६८ किलोमीटर आहे. एकसारख्या गोळ्यापेक्षा पृथ्वी १७ टक्के कमी विरोध करते, म्हणजे तिचे वस्तुमान अक्षाकडे, मध्याकडे एकवटलेले आहे. पृष्ठभागावरचा खडक पाण्याच्या पावणेतीन पट जड आणि संपूर्ण पृथ्वीची सरासरी साडेपाच पट, यावरून आत काहीतरी जड आहे एवढे कळतेच. ते खोलवर मध्यातच आहे, हे आघूर्णावरून ठरते. उपग्रह नसतानाच्या काळात, १८९७ मध्ये, जर्मन भूभौतिकतज्ज्ञ एमिल विखर्ट याने सरासरी घनता आणि पृथ्वीचा चपटेपणा यांवरून धातूचा गाभा आणि भोवती खडकाचे कवच असे चित्र मांडले. पुढे १९०६ मध्ये, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात अनेक वर्षे काम केलेल्या रिचर्ड डिक्सन ओल्डहॅमने भूकंपलहरींच्या वेळांवरून गाभ्याचा पुरावा दिला. त्या गाभ्याची त्रिज्या आज सुमारे ३,४८० किलोमीटर धरतात.

एका आकड्यातून एवढेच निघते, अधिक नाही. १० सेंटिमीटर त्रिज्येची भरीव चकती आणि तेवढ्याच वजनाचे ७.०७ सेंटिमीटर त्रिज्येचे पातळ कडे यांची k एकच आहे. दोन्ही डब्यांत बंद करून दिली तर नुसते अक्षाभोवती फिरवून कोणत्या डब्यात काय आहे हे सांगता येणार नाही. पृथ्वीबाबतही लहान आणि अतिशय जड गाभा किंवा मोठा आणि मध्यम जड गाभा, दोन्हींतून ०.३३०७ मिळवता येते. त्यांतला कोणता खरा हे ठरवायला भूकंपलहरी लागल्या. k कडे चाळणी म्हणून पाहावे: तिच्याशी न जुळणारी प्रतिमाने ती बाद करते, उरलेल्यांतून निवड करणे तिच्या आवाक्यात नाही.

ही चाळणी दुसऱ्या ग्रहगोलांनाही लावली आहे. मंगळासाठी k²/R² ०.३६४ च्या आसपास येते, पृथ्वी आणि एकसारखा गोळा यांच्या मधोमध. म्हणजे त्यालाही गाभा आहे, पण वस्तुमानाची एकवट पृथ्वीइतकी तीव्र नाही. चंद्रासाठी हाच आकडा ०.३९३ आहे. तो ०.४ च्या इतका जवळ आहे की चंद्राचा गाभा असला तरी त्याच्या एकूण वस्तुमानाचा अगदी लहान भागच त्यात असू शकतो.